पाचशे शेअर्स, एक पुट, एक कॉल आणि पुतण्याचा स्ट्रॅडल

प्रश्न : मी सांगलीत एका अडत दुकानात हिशेब लिहून निवृत्त झालो. माझ्याकडे एका कंपनीचे ५०० शेअर्स आहेत. दोन वर्षांपूर्वी ९०० ला घेतले, आज भाव १,२०० आहे. ऑप्शनचा लॉटही ५०० चाच आहे. दोन महिन्यांनी घराच्या वरच्या मजल्याचं काम काढायचंय, तेव्हा पैसे लागतील. दहा दिवसांनी कंपनीचा तिमाही निकाल आहे आणि भाव पडेल अशी धास्ती वाटते. विश्रामबागेतले सबब्रोकर म्हणतात, "१,२६० चा कॉल विका, महिन्याला भाडं सुरू होईल." पुण्याचा पुतण्या म्हणतो, "काका, निकालाआधी स्ट्रॅडल टाका, भाव कुठंही जाऊ दे." एका ओळखीच्यांनी पुट घ्यायला सांगितलं. एक्स्पायरीला या तिघांत माझ्या हातात नेमकं काय उरेल? — एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार. पहिलं काम म्हणजे ९०० हा आकडा वहीतून बाजूला काढा. तो करासाठी लागेल, तेव्हा परत आणू. ऑप्शनचा नफातोटा आजच्या १,२०० पासून मोजायचा, कारण आज विकले तर १,२०० मिळतात आणि ते सोडून तुम्ही थांबणार आहात. "माझी खरेदी ९०० ची, मला कुठला तोटा?" असं म्हणत बसलं की पुट महाग वाटतो आणि कॉल विकणं फुकटचं वाटतं. दोन्ही समज चुकीचे.

खालचे प्रीमियम, म्हणजे ऑप्शनच्या किमती, एक महिना मुदत असलेल्या आणि मध्यम हेलकावे खाणाऱ्या शेअरचे, उदाहरणादाखल धरलेले आहेत. १,१६० चा पुट २२ रुपये, १,२६० चा कॉल २० रुपये, १,२०० चा कॉल ४६ आणि १,२०० चा पुट ४०. सगळीकडे एकच लॉट, म्हणजे ५००. तुमच्या स्क्रीनवर कॉलपुढे `CE` आणि पुटपुढे `PE` दिसेल. प्रीमियम वेगळे असतील तर तेवढे आकडे बदला, रीत तीच राहील.

पुट विकत घेणं म्हणजे "एक्स्पायरीला माझे शेअर्स १,१६० ला विकण्याचा हक्क माझा" असं लिहून घेणं. त्यासाठी २२ गुणिले ५००, म्हणजे ११,००० रुपये आज जातात आणि ते परत येत नाहीत. एक्स्पायरीला भाव १,००० वर आला असं धरू. शेअर्सवर लाखाचा तोटा. पुट मात्र प्रत्येक शेअरमागे १६० रुपयांचा, म्हणजे ८०,००० चा झालेला असतो. त्यातून ११,००० वजा केले की एकूण तोटा ३१,००० राहतो. भाव ९०० झाला तरी ३१,०००, ७०० झाला तरी ३१,०००. वरच्या बाजूला अडथळा नाही. १,३०० झाला तर शेअर्सचे ५०,००० वजा ११,०००, म्हणजे ३९,००० तुमचे. ना नफा ना तोटा हा बिंदू १,२२२ वर, म्हणजे आजचा भाव अधिक प्रीमियम.

यात लोक एक गोष्ट विसरतात. १,२०० पासून १,१६० पर्यंतचे ४० रुपये तुमचेच जातात, तिथे पुट मदतीला येत नाही. १,२०० चाच पुट घेतला तर ती फट बुजते, पण ४० रुपये मोजावे लागतात आणि १,२४० च्या वर गेल्याशिवाय काही सुटत नाही. किती तोटा सोसायचा आणि हप्ता किती भरायचा, यातली ही निवड आहे. दर महिन्याला असा पुट घेत राहिलात तर मात्र वर्षाअखेर हप्त्यांची बेरीज बघून डोळे पांढरे होतील. पुट ठरावीक मुदतीच्या ठरावीक भीतीसाठी घ्यायचा. तुमची भीती तशी आहे, निकाल आणि बांधकाम या दोन्हींच्या तारखा तुम्हाला माहीत आहेत.

आता सबब्रोकरांचं "भाडं". हा शब्द फार गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. १,२६० चा कॉल विकला की २० गुणिले ५००, म्हणजे १०,००० आज खात्यात येतात. त्या बदल्यात "भाव कितीही असो, माझे शेअर्स १,२६० ला देईन" असं तुम्ही समोरच्याला लिहून देता. ही इसारपावती आहे. इसार तुमचा, पण प्लॉटचा भाव दुप्पट झाला तरी ठरलेल्या दरातच तो द्यायचा.

एक्स्पायरीला भाव १,२६० किंवा त्याच्या वर कुठंही असला तर तुमचा फायदा ४०,००० वर थांबतो. त्यात शेअर्सचे ६० रुपये आणि प्रीमियमचे २० आले. भाव १,४०० झाला तर शेअर्सवर एक लाख दिसतात, पण विकलेल्या कॉलवर १४० गुणिले ५००, म्हणजे ७०,००० द्यावे लागतात. अधिक १०,००० प्रीमियम, उरले ४०,०००. खालच्या बाजूला तोटा १,१८० खाली सुरू होतो आणि शेअर शून्यावर येईपर्यंत वाढतच जातो. भाव १,००० झाला तर एक लाख वजा १०,०००, म्हणजे ९०,००० चा तोटा. तुमची धास्ती भाव पडण्याची आहे आणि हा उपाय त्या पडझडीतले फक्त २० रुपये झाकतो. हातातल्या शेअर्सवर असा कॉल विकणं, म्हणजे कव्हर्ड कॉल, हे संरक्षण नव्हे. शेअर फारसा हलणार नाही असं ज्याला वाटतं आणि १,२६० ला विकायला जो आनंदाने तयार आहे, त्याने तो करावा.

दुसरी अडचण मार्जिनची, म्हणजे सौद्यापोटी ब्रोकरकडे ठेवायच्या अनामतीची, तिच्याबद्दल सबब्रोकर सहसा बोलत नाहीत. शेअर्स डिमॅटमध्ये नुसते पडून असले म्हणून एक्स्चेंज तुमचा कॉल झाकलेला धरत नाही. विकलेल्या कॉलसाठी पूर्ण मार्जिन लागतं, सहा लाखांच्या सौद्याला साधारण लाखाच्या पुढंमागं. शेअर्स तारण ठेवून ते भागवता येतं, पण तारणाची किंमत कपात करून धरतात. शिवाय एकूण मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान लागतो, नसेल तर ब्रोकर तुटीवर व्याज लावतो. आणि गंमत अशी की भाव वर गेला तर मार्जिन वाढतं. शेअर्समध्ये नफा दिसत असतो, पण ब्रोकरचा संदेश येतो, "खात्यात पैसे भरा." कागदावर श्रीमंत आणि खात्यात तंगी, अशी अवस्था होते. कॉल विकण्याआधी चाळीस-पन्नास हजार वेगळे काढून ठेवता येत नसतील तर या वाटेला जाऊ नका.

"मग निम्मे शेअर्स विकतो आणि उरलेल्यांवर कॉल लिहितो" असंही मनात येईल. तसं करू नका. लॉट ५०० चा आहे. २५० शेअर्स उरले तर विकलेल्या कॉलपैकी निम्मा उघडा पडतो. भाव १,२६० च्या वर गेला की त्या २५० वर दर रुपयाला तोटा, मर्यादा नाही. एक्स्चेंज लॉट अधूनमधून बदलतं, म्हणून ऑर्डर टाकताना त्या दिवशीच्या पानावर लॉट तपासा.

पुतण्याचा स्ट्रॅडल, म्हणजे एकाच दराचा कॉल आणि पुट एकत्र. आधी त्याला विचारा, विकत घ्यायचा की विकायचा? "भाव कुठंही जाऊ दे" हे विकत घेतलेल्या स्ट्रॅडललाच लागू पडतं. १,२०० चा कॉल ४६ ला आणि १,२०० चा पुट ४० ला घेतला, एकूण ८६, म्हणजे ४३,००० रुपये. भाव १,२०० वरच राहिला तर ४३,००० पूर्ण बुडाले. सुटायला भाव १,११४ च्या खाली किंवा १,२८६ च्या वर जायला हवा. कुठल्याही बाजूला सात टक्क्यांहून जास्त, तेही एका महिन्यात. १,३०० किंवा १,१०० झाला तर ५०,००० वजा ४३,०००, फक्त ७,००० पदरात. १,४०० किंवा १,००० झाला तर ५७,०००.

निकालाआधी या हिशेबात आणखी एक खाच आहे. निकाल जवळ आला की सगळ्यांनाच हालचालीची अपेक्षा असते, म्हणून कॉल आणि पुट दोन्ही फुगतात. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि ती फुगवटी एका रात्रीत उतरते. भाव दुसऱ्या दिवशी ४० रुपयांनी वाढून १,२४० झाला, तर ४६ चा कॉल ५५ च्या आसपास आणि ४० चा पुट ११ च्या आसपास आलेला दिसू शकतो. बेरीज ६६. भाव बऱ्यापैकी हलला, अंदाजही बरोबर आला, तरी ५०० च्या लॉटवर १०,००० गेले. पुतण्याने हे अनुभवलं नसेल तर लवकरच अनुभवेल. आधी ओळखायचं असेल तर ऑप्शन साखळीत इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेल्या अपेक्षित हेलकाव्यांचा, रकाना असतो. तो तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघा. बराच वर गेला असेल तर तुम्ही निकालाची अपेक्षा महागात विकत घेताय.

पण तुमच्या बाबतीत खरा मुद्दा पुढेच आहे. पुतण्याकडे शेअर्स नाहीत, तुमच्याकडे आहेत. ५०० शेअर्सवर घेतलेला स्ट्रॅडल ठेवला तर खालच्या बाजूला शेअर्सचा तोटा आणि पुटचा फायदा एकमेकांना खाऊन टाकतात. १,२०० च्या खाली भाव कुठंही असो, एकूण हिशेब उणे ४३,००० वर थिजतो. वर मात्र दुहेरी फायदा, १,३०० ला ५७,०००. म्हणजे पुतण्याचा "कुठंही" तुमच्यापुरता "वरच" होतो. आणि पुतण्याने विकायचा स्ट्रॅडल सुचवला असेल तर फोन ठेवून द्या. ४३,००० आज मिळतात, पण भाव १,००० ला आला तर शेअर्सवर एक लाख आणि स्ट्रॅडलवर ५७,०००, मिळून १,५७,००० चा खड्डा. ज्या बाजूची भीती, त्याच बाजूला दुप्पट ओझं.

एक्स्पायरीचा हिशेब एका नजरेत असा. पहिल्या दोन रकान्यांत तुमचे शेअर्स धरलेत, तिसऱ्यात नुसता विकत घेतलेला स्ट्रॅडल आहे.

| एक्स्पायरीचा भाव | शेअर्स + १,१६० पुट | शेअर्स − १,२६० कॉल | १,२०० चा स्ट्रॅडल |
|---|---|---|---|
| १,००० | −३१,००० | −९०,००० | +५७,००० |
| १,१०० | −३१,००० | −४०,००० | +७,००० |
| १,२०० | −११,००० | +१०,००० | −४३,००० |
| १,३०० | +३९,००० | +४०,००० | +७,००० |
| १,४०० | +८९,००० | +४०,००० | +५७,००० |

१,३०० ची ओळ नीट बघा. पुट घेणारा आणि कॉल विकणारा तिथे जवळपास सारखेच दिसतात. फरक त्या ओळीच्या वर आणि खाली आहे, आणि महिना संपल्यावर नुसता नफा मोजणाऱ्याला तो दिसत नाही. आठ-दहा महिने कॉल विकून "भाडं" खाणारे सुखी असतात, त्याचं कारण हेच. हे आकडे खर्च न धरता आहेत. बाजारपट्टीत हमाली, तोलाई वजा होते, तशी इथे दलाली, एसटीटी, एक्स्चेंजची फी आणि जीएसटी वजा होते. एका लॉटला रक्कम मोठी नसते, पण स्ट्रॅडलमध्ये चार व्यवहार होतात, दोन घेताना आणि दोन सोडताना.

आता तुम्ही "एक्स्पायरीला काय उरेल" असं विचारलंत, म्हणून डिलिव्हरीचा विषय टाळता येत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे सगळे शेअर ऑप्शन शेअर्सच्या प्रत्यक्ष देवाणघेवाणीने मिटतात. निफ्टीसारखा नुसता फरक खात्यात येत नाही. एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून मासिक एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. सुटी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. त्या दिवसाचा रोखबाजारातला अधिकृत बंद भाव निर्णय करतो, स्क्रीनवरचा शेवटचा सौदा नव्हे. १,२६२ आणि १,२५८ मधलं अंतर चार रुपयांचं, पण एका बाजूला तुमचे शेअर्स जातात आणि दुसऱ्या बाजूला राहतात. स्ट्राइकच्या, म्हणजे ऑप्शनमध्ये ठरलेल्या दराच्या, जवळ भाव घुटमळत असेल तर शेवटच्या तासाची वाट बघू नका, सौदा दुपारीच मिटवा.

तुमचा पुट कामी आला, म्हणजे भाव १,१६० खाली बंद झाला, तर ५०० शेअर्स १,१६० ला डिमॅटमधून जातील. शेअर्स ठेवायचे असतील तर एक्स्पायरीआधी पुट बाजारात विकून फायदा घ्या, शेअर्स जागच्या जागी राहतील. विकायचे असतील तर ते तारणमुक्त असले पाहिजेत. मार्जिनसाठी तारण ठेवलेले शेअर्स सोडवायची विनंती शेवटच्या दिवशी दुपारी टाकली आणि ती वेळेत झाली नाही, तर डिलिव्हरी चुकते आणि लिलावाचा भुर्दंड बसतो. ब्रोकरला दोन-तीन दिवस आधी विचारून ठेवा. विकलेल्या कॉलवर शेअर्स द्यायची वेळ आली तरी हेच.

स्ट्रॅडल घेणाऱ्याची फजिती वेगळी. १,२०० चा कॉल फायद्यात असताना तो एक्स्पायरीपर्यंत तसाच ठेवला तर १,२०० गुणिले ५००, म्हणजे सहा लाख रुपये भरून शेअर्स घ्यावे लागतात. त्यासाठी शेवटच्या चार दिवसांत फायद्यातल्या विकत घेतलेल्या ऑप्शनवरही मार्जिन टप्प्याटप्प्याने चढतं. ४३,००० घेऊन उतरलेला माणूस इथे कचाट्यात सापडतो. म्हणून स्ट्रॅडल एक्स्पायरीच्या आठवड्याआधीच सोडायचा असतो, मग एक्स्पायरीचा तक्ता कितीही सुंदर असो.

आता ते ९०० परत आणा. कॉलमुळे १,२६० ला शेअर्स गेले तर नफा ३६० गुणिले ५००, म्हणजे १,८०,०००. दोन वर्षं ठेवलेत म्हणून दीर्घकालीन. सव्वा लाखावरच्या ५५,००० वर १२.५ टक्के, म्हणजे ६,८७५ रुपये आणि त्यावर सेस. वर्षात दुसरा भांडवली नफा नसेल तर एवढंच. ऑप्शनमधला नफातोटा मात्र व्यवसायाच्या उत्पन्नात धरतात, म्हणून निवृत्तांना सवयीचं सोपं विवरणपत्र चालत नाही. सहसा आयटीआर-३ भरावं लागतं. एकाच कॉलचे दहा हजार घेऊन हे लचांड मागे लावून घ्यायचं का, ते सीएला विचारूनच ठरवा.

तुमच्या जागी काय करावं? बांधकामाला जेवढे लागतात तेवढ्यांचे शेअर्स आजच विकणं, हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. त्याला प्रीमियम लागत नाही, मार्जिन लागत नाही. मोडायचेच नसतील तर पाचशेच्या पाचशे ठेवून १,१६० चा पुट २२ ला घ्या आणि त्याचबरोबर १,२६० चा कॉल २० ला विका. निव्वळ खर्च दोन रुपये, म्हणजे १,०००. याला कॉलर म्हणतात. भाव १,१६० खाली कुठंही गेला तरी तोटा २१,००० वर थांबतो, १,२६० वर कुठंही गेला तरी फायदा २९,००० वर. मधे कुठंही बंद झाला तर दोन्ही ऑप्शन शून्य होऊन सुटतात, शेअर्स तुमच्याकडेच. मार्जिनच्या आणि तारणाच्या वरच्या अटी इथेही लागू आहेत, कारण कॉल विकलेलाच आहे.

ऑर्डर मार्केट भावाने टाकू नका. शेअर ऑप्शनमध्ये घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यात रुपया-दोन रुपयांची फट असते, दुरच्या महिन्यांत तर पाच-सात रुपयांचीही दिसते. म्हणूनच दोन महिन्यांचा पुट आज शोधत बसण्यापेक्षा चालू महिन्याचा घ्या आणि एक्स्पायरीआधी तीन-चार दिवस पुढच्या महिन्यात न्या. पहिली ऑर्डर पुटची, लिमिट लावून. पुट हातात आला की मग कॉल विका. उलट केलंत आणि पुट मिळाला नाही, तर निकालाच्या रात्री तुमच्याकडे फक्त सबब्रोकरांचं भाडं असेल.